आधी खोल्या, मग भाडे

बर्ट्रांडने 1883मध्ये म्हटले, दोघांत किंमतयुद्ध पेटले की दर खर्चापर्यंत कोसळतो. पण खोल्याच मोजक्या असतील तर?

समजा, गावात दोनच हॉटेले आहेत. एक खोली बांधून राखण्याचा रोजचा खर्च 3,000 रुपये. भाडे 6,000 असेल तर 60 गिऱ्हाइके येतात. दर शंभर रुपयांमागे एक कमी-जास्त. प्रत्येकाने 30 खोल्या बांधल्या, तर दोघेही 6,000ला भरतात. भाडे उतरवून फायदा नाही, जागाच उरलेली नाही. एकाने 6,500 केले, तर त्याच्या पाच खोल्या रिकाम्या राहतात आणि गल्ला 1,80,000वरून 1,62,500वर येतो.

नेमके हेच उत्तर कूर्नोच्या 1838च्या प्रमाण-स्पर्धेत मिळते. क्रेप्स आणि शाइंकमन यांनी 1983मध्ये हे सिद्ध केले. मात्र स्वस्त खोल्या आधी कोणाला मिळतात, हा नियम बदलला की निष्कर्ष डळमळतो.