नियमित जाळीवरील द्विरेखीय व द्विघन अंतर्वेशन : कड्याजवळील उंचीचा प्रश्न

उंचीची सारणी ठरावीक अंतरावरील बिंदूंचीच उंची देते; मधल्या बिंदूची उंची अंतर्वेशनाने काढावी लागते. द्विरेखीय पद्धतीत चौकटीचे चार कोपरेच विचारात घेतले जातात. वरच्या कोपऱ्यांची उंची ६४० व ६६० मी. आणि खालच्यांची ६५० व ६९० मी. असल्यास, डावीकडून पाव अंतरावर वरच्या कडेस ६४५ व खालच्या कडेस ६६० मी. मिळतात, त्यांच्या मध्यावर ६५२.५ मी. हे उत्तर चार कोपऱ्यांच्या मर्यादेबाहेर कधीच जात नाही. मात्र चौकटीच्या सीमेवर उतार एकदम बदलतो व उताराच्या नकाशात जाळीच्या रेषा उमटतात.

द्विघन पद्धत सोळा बिंदू घेऊन हा दोष दूर करते. रॉबर्ट कीज यांनी १९८१ मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार एका ओळीतील चार बिंदूंचे मध्यबिंदूसाठीचे भारांक −१/१६, ९/१६, ९/१६, −१/१६ येतात. यांतील ऋण भारांक कड्याजवळ अडचणीचे ठरतात. सर्व ओळींत पठारावर ७००, ७००, ७०० आणि लगेच पायथ्याशी १०० मी. असल्यास पठारावरील दुसऱ्या व तिसऱ्या बिंदूंच्या मध्यावर ७३७.५ मी. मिळतात. असा उंचवटा सारणीत कोठेही नाही. प्रतिमेत हाच दोष कडांलगतच्या झालरीच्या रूपाने दिसतो.

म्हणून द्विघन उत्तर लगतच्या चार बिंदूंच्या कमाल-किमान मर्यादेशी ताडून पाहावे. गोलाकार टेकडीचा खरा माथा दोन बिंदूंच्या मध्ये असू शकतो. त्यामुळे प्रत्येक अतिक्रमण चूक नव्हे. परंतु शेजारीच उंचीत मोठी तफावत असल्यास तेथे द्विरेखीय उत्तर स्वीकारणे अधिक सुरक्षित होय.