पावणेदहापासून साडेआठपर्यंत

२०१७ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि पहिल्या दोन बाळंतपणांसाठी पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. बहुतेक रजा बाळ झाल्यानंतर घेतलेली असेल, तर आईला कामावर रुजू व्हायचं असतं तेव्हा बाळ जेमतेम सहा महिन्यांचं असतं. नेमक्या त्याच वेळी घरात एक प्रश्न उभा राहतो. रात्री पाच-पाच वेळा उठणाऱ्या बाळाला घेऊन सकाळी आठची बस कशी गाठायची? मग कोणीतरी सुचवतं, ‘खोलीत एकटं ठेवा, रडून रडून झोपेल आपोआप.’ आजीला हे ऐकवत नाही आणि आईच्यानं ते होत नाही. त्यांना तसं करावंही लागत नाही, कारण बाळाची झोप मार्गी लावायला दुसरी वाट आहे. तिला दोन-तीन आठवडे लागतात, पण तिच्यात बाळाला रडत सोडावं लागत नाही.

आधी बाळ का उठतं ते पाहू. या वयात झोपेचं एक आवर्तन साधारण पन्नास ते साठ मिनिटांचं असतं. प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी झोप पातळ होते आणि बाळ किंचित जागं होतं. मोठी माणसंही अशी जागी होतात, कूस बदलतात आणि विसरून जातात. बाळाचं मात्र तसं होत नाही. ते आईच्या कुशीत, दूध पिता पिता झोपलेलं असतं आणि जाग येते तेव्हा गादीवर एकटं असतं. मांडीवरचे झोके किंवा झोळीची हालचाल थांबली, तरी तेच होतं. ज्या आधारानं झोप लागली होती तोच आधार ते रडून परत मागतं. म्हणून मध्यरात्रीच्या रडण्यावरचा उपाय संध्याकाळी, झोप लागण्याच्या त्या शेवटच्या पाच मिनिटांत शोधावा लागतो.

अपेक्षाही वास्तवाला धरून हवी. कॅनडात ३८८ बाळांचा अभ्यास झाला आणि तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांच्या बाळांपैकी सुमारे ३८ टक्के बाळं सलग सहा तासही झोपत नव्हती आणि त्यांचा विकास मागे पडलेला नव्हता. त्यामुळे या वयात रात्री एक-दोनदा दूध मागणं हा बिघाड नव्हे. पाच वेळांवरून दोन वेळांवर येणं, हे गाठता येण्याजोगं उद्दिष्ट आहे.

एक नेहमी दिसणारं घर उदाहरणादाखल घेऊ. बाळाला साडेआठला अंथरुणावर नेतात, पण डोळा लागायला पावणेदहा होतात. मधला सव्वा तास पाजणं, झुलवणं, फिरवणं आणि रडणं यात जातो. सकाळी उठण्याची वेळ कधी सहा, कधी नऊ. दुपारची शेवटची डुलकी लांबत संध्याकाळी पावणेसातपर्यंत जाते.

पहिले पाच दिवस काहीच बदलायचं नाही, फक्त वहीत वेळा टिपायच्या. कधी उठलं, कधी झोपलं, कशानं झोपलं. या वयाच्या बाळाला दिवसरात्र मिळून बारा ते सोळा तास झोप लागते. वहीतली बेरीज त्यात बसत असेल, तर झोप पुरेशी आहे, ती फक्त भलत्या वेळी पडते आहे.

सहाव्या दिवसापासून सकाळ पक्की करायची. रात्र कशीही गेली, तरी सात वाजता पडदे उघडायचे आणि बाळाला गॅलरीतल्या उजेडात न्यायचं. शरीरातलं घड्याळ सकाळच्या उजेडावर लागतं. दिवसा साधारणपणे तीन डुलक्या होतात आणि दोन झोपांमध्ये बाळ दोन ते तीन तास जागं राहू शकतं. शेवटच्या डुलकीतून मात्र साडेपाचपर्यंत हळुवारपणे उठवायचं. दिवसा बाळ आजीकडे राहणार असेल, तर ही एक गोष्ट आजीशी आधीच बोलून ठरवलेली बरी.

आता गंमत अशी, की रात्रीची वेळ अलीकडे न ओढता आधी पुढे ढकलायची. बाळाला झोप खरोखर पावणेदहाला येते ना, मग अंथरुणावर पावणेदहालाच न्यायचं. झोप दाटून आलेली असते, त्यामुळे झगडा होत नाही. सलग दोन रात्री पंधरा मिनिटांच्या आत डोळा लागला, की वेळ पाव तास अलीकडे आणायची. साडेनऊ, सव्वानऊ, नऊ असं करत पाच पायऱ्यांत, म्हणजे साधारण दहा रात्रींत साडेआठ गाठता येतात. एखाद्या पायरीवर पुन्हा अर्धा तास रडारड होऊ लागली, तर घाई झाली असं समजावं आणि आधीच्या वेळेवर दोन रात्री थांबावं.

झोपण्याआधीचा अर्धा तास रोज एकाच क्रमानं जावा. सकाळची तेल लावून आंघोळ आहे तशीच राहू द्या. रात्री कोमट पाण्यानं अंग पुसणं, सुती झबलं, मंद दिवा, मग दूध आणि शेवटी अंगाई. यातलं दूध अंगाईच्या आधी येतं, हे महत्त्वाचं. दूध पिणं आणि झोप लागणं यांची गाठ तिथेच सैल होते.

उरलेला आधार एकेक पायरीनं कमी करायचा. पहिले तीन-चार दिवस मांडीवर झोके द्यायचे, पण डोळे पुरते मिटण्याआधी थांबायचं. मग गादीवर ठेवून थोपटायचं. मग थोपटणं थांबवून नुसता हात ठेवायचा. शेवटी हातही काढून शेजारी बसायचं. बाळ कुरकुरलं, तर क्षणभर थांबून पाहायचं. रडू लागलं, तर लगेच उचलून शांत करायचं आणि पुन्हा खाली ठेवायचं.

रात्रीच्या जागांपैकी पहिलीला बाबांनी जावं. वासाला दूध नसलं, की पुष्कळदा थोपटण्यावर भागतं. खरोखर भूक असेल, तेव्हा अंधारात, न बोलता पाजावं. उष्टावण झाल्यावर रात्री नाचणीची पेज पोटभर भरवली की बाळ सकाळपर्यंत झोपतं, असा समज आहे, पण त्यावर विसंबता येत नाही. झोप यावी म्हणून सर्दीचं औषध देणं मात्र धोक्याचं आहे. ते कधीही देऊ नये.

झोपवताना बाळ पाठीवर, सपाट आणि घट्ट गादीवर हवं. राईची उशी, दुलई, लोड जवळ नकोत. बाळ कुशीवर वळू लागलं, की झोळीत एकटं झोपवणं थांबवावं.

बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल, तर वय मूळ तारखेपासून मोजावं. ताप असेल किंवा दात येताना ते फार त्रासलेलं असेल, तर सगळं बाजूला ठेवून जवळ घ्यावं. रोज घोरणं, झोपेत श्वास अडखळणं, वजन न वाढणं, लघवी कमी होणं यांपैकी काही दिसलं, तर मात्र वेळापत्रकाचा विचार सोडून आधी बालरोगतज्ज्ञांकडे जायचं.

उदाहरणातल्या घरात तीन आठवड्यांनी वही उघडली, तर साडेआठला दिवा मंद आणि पावणेनऊला झोप, अशी नोंद दिसावी. खाली दोन वाजता एकदा दूध, पहाटे पाचला एकदा थोपटणं, आणि सात वाजता गॅलरी.