साडी एकच, फोटोत रंग तीन

विक्रीसाठी दहा पैठण्यांचे फोटो एकाच खिडकीशी, एकाच कॅमेऱ्याने काढले, तरी शेजारी ठेवल्यावर मागची पांढरी भिंत कुठे पिवळट दिसते, कुठे निळसर. हा प्रताप बहुतेक वेळा ‘ऑटो व्हाइट बॅलन्स’चा असतो. उजेडाचा रंग कोणता, हे कॅमेरा समोरच्या दृश्यावरून ताडतो. चौकट भरून पिवळी साडी असली, की त्याला उजेडच पिवळा वाटतो. मग तो चित्रात निळेपणा वाढवतो आणि हळदी रंग फिका पडतो.

ग्रे कार्ड हा अंदाजाचा खेळ थांबवतं. ते लाल, हिरवा, निळा असा सगळा उजेड सारख्या प्रमाणात परतवतं. त्यामुळे फोटोत त्यावर जी छटा दिसेल, ती उजेडाचीच.

खोलीतले दिवे आधी बंद करा, फक्त खिडकीचा उजेड ठेवा. कॅमेरा रॉ फॉरमॅटवर आणि व्हाइट बॅलन्स ऑटोऐवजी डेलाइटवर ठेवा. साडीच्या जागी, साडीच्याच दिशेने तोंड करून कार्ड धरा. त्यावर चकाकी येऊ देऊ नका. एक फोटो काढा, कार्ड बाजूला करा आणि काम सुरू करा. नंतर लाइटरूममध्ये व्हाइट बॅलन्सचा ड्रॉपर कार्डावर टेकवा. आधी लाल ५२, हिरवा ४८, निळा ४१ टक्के असे आकडे असतील, तर क्लिकनंतर तिन्ही जवळपास सारखे व्हायला हवेत. तेवढाच व्हाइट बॅलन्स त्या उजेडातल्या सगळ्या फोटोंना लावा. मध्येच ढग आला, तर कार्डाचा नवा फोटो घ्या. तिथून पुढची तुकडी वेगळी. कार्डाऐवजी साधा पांढरा कागद मात्र चालत नाही. त्यात उजळपणासाठी घातलेली द्रव्यं अतिनील किरणांत निळसर चमकतात आणि माप चुकवतात.

कार्डाने राखाडी जुळतो, पण जांभळा किंवा राणी रंग प्रत्येक कॅमेरा आपल्या पद्धतीने दाखवतो. दोन कॅमेरे वापरताना हा फरक डोळ्यांत भरतो. तिथे १९७६ साली आलेला २४ चौकोनांचा कलरचेकर तक्ता कामी येतो. प्रत्येक चौकोनाचा रंग ठाऊक असल्यामुळे सॉफ्टवेअर फोटोतल्या रंगाशी त्याची तुलना करून त्या कॅमेऱ्याचं प्रोफाइल बनवतं.

पदरावर बल्ब आणि काठावर खिडकीचा उजेड असेल, तर दोन्ही उपाय हरतात, कारण एक दुरुस्ती दोन उजेडांना पुरत नाही. म्हणून तक्ता विकत घेण्याआधी खोलीतला दिवा बंद करा. पैसा न लागणारी पहिली दुरुस्ती तीच आहे.