अजून न भरलेल्या फराळाच्या डब्याचं चित्र

दिवाळीच्या फराळाची मागणी नवरात्रातच सुरू होते. कर्मचाऱ्यांना भेट देणारी कार्यालयं आणि परदेशातल्या मुलांना फराळ पाठवणारी घरं दसऱ्याच्या आसपास ठरवून मोकळी होतात. छोट्या मिठाईवाल्याकडे मात्र तेव्हा दाखवायला काहीच नसतं. भाजणी दळायची असते, अनारशाचे तांदूळ भिजायचे असतात, डबे छापखान्यात असतात. तरीही वेबसाइटच्या माथ्यावर आणि व्हॉट्सअॅपवर एक मोठं, नजरेत भरणारं चित्र आत्ताच हवं असतं. या धंद्यात त्याला ‘हीरो इमेज’ म्हणतात. असं चित्र आता अनेक जण एआयकडून काढून घेतात. त्यासाठी जी लेखी सूचना द्यावी लागते, ती म्हणजे प्रॉम्प्ट. चित्र बरं येणार की वाईट, हे बरंचसं या सूचनेवर ठरतं.

बहुतेक दुकानदार लिहितात, ‘दिवाळी गिफ्ट हॅम्पर, भारतीय मिठाई, सुंदर आणि आकर्षक’. मग जे चित्र येतं त्यात पितळी ताट, काजूकतली, गुलाबजाम, झेंडूच्या माळा आणि मागे धूसर सोनेरी दिवे असतात. दिसतं छान, पण ते देशातल्या कुठल्याही दुकानाचं असू शकतं. यामागचं कारण साधं आहे. ही यंत्रणा कोट्यवधी चित्रं आणि त्यांच्यासोबतचं वर्णन यांवरून शिकलेली असते. तुम्ही मोघम बोललात की तीही त्या साऱ्यात जे सर्वाधिक आढळतं, तेच काढून देते. ‘सुंदर’ या शब्दातून तिला काढण्याजोगं काहीच मिळत नाही. ‘सहा कप्प्यांचा पुठ्ठ्याचा डबा’ यातून मिळतं.

म्हणून पहिलं काम संगणकावरचं नाही, ते गल्ल्यावर बसून करायचं आहे. डब्यात नेमकं काय जाणार, ते ठरवा. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. तालुक्याच्या गावातलं छोटं दुकान आहे आणि डबा साधारण एक किलोचा आहे. त्याच्या सहा कप्प्यांत चकली, करंजी, अनारसे, बेसनाचे लाडू, शंकरपाळे आणि पातळ पोह्यांचा चिवडा जाणार आहे. काजूकतली नाही, चांदीचा वर्ख नाही. ही यादी पक्की झाल्याशिवाय प्रॉम्प्ट लिहायला बसू नये.

यानंतरचा भाग सगळ्यात महत्त्वाचा. आपल्या फराळाची नावं यंत्रणेला कळतीलच, असं धरून चालू नये. नुसतं ‘चकली’ म्हटलं तर पुष्कळदा जिलबीसारखं चकचकीत काहीतरी येतं. करंजीचा समोसा होतो. लाडू म्हटलं की मोतीचुराचे केशरी, दाणेदार गोळे येतात. अनारशाच्या जागी तर चक्क बिस्किट दिसतं. यावर उपाय असा की पदार्थाचं नाव लिहावं आणि लगेच त्याचं रूप सांगावं. चकली म्हणजे मध्यापासून बाहेर फिरत गेलेला एकच धागा, कडेला काटे, रंग खमंग तपकिरी, वर पाक किंवा चकाकी नाही. करंजी म्हणजे अर्धचंद्र, गोलाईच्या कडेला कातण्याची नागमोडी नक्षी, अंगावर तळताना आलेले बारीक फोड. बेसनाचा लाडू रवाळ, फिका पिवळा, वर एक बेदाणा दाबलेला. अनारसा चपटा, जाळीदार, एका बाजूला खसखस चिकटलेली. हे वर्णन पदार्थ रोज हाताळणाऱ्या माणसाइतकं नेमकं दुसऱ्या कुणाला जमणार नाही. इथे आचारी हा जाहिरातवाल्यापेक्षा जास्त उपयोगी माणूस आहे.

मग उजेड आणि कोन. तळलेल्या पदार्थाचा पोत बाजूने येणाऱ्या उजेडात उठून दिसतो. समोरून उजेड पडला की चकलीचे काटे सपाट होतात. कॅमेरा साधारण ४५ अंशांवरून पाहतोय असं सांगितलं, तर कप्पे उघडे दिसतात आणि लाडवाची उंचीही कळते. शेवटी, दुकानाचं नाव आणि किंमत लिहायला एका बाजूला मोकळी जागा मागून घ्यायची.

आपल्या दुकानासाठी प्रॉम्प्ट असा होईल:

```
सहा कप्प्यांचा, मरून रंगाचा पुठ्ठ्याचा उघडा डबा,
लाकडी पाटावर, चित्राच्या उजव्या भागात.
कप्प्यांत: काटेरी कडांच्या तपकिरी चकल्या (पाक नाही);
नागमोडी कडेच्या अर्धचंद्राकार करंज्या;
खसखस लावलेले चपटे जाळीदार अनारसे;
बेदाणा लावलेले रवाळ बेसन लाडू;
शंकरपाळे; शेंगदाणे घातलेला पोह्यांचा चिवडा.
डब्याशेजारी मातीची एकच पेटलेली पणती.
डावीकडून सकाळचा मऊ उजेड, कॅमेरा ४५ अंशांवर.
डावा एक तृतीयांश भाग मोकळा, साधी फिकी भिंत.
खऱ्या छायाचित्रासारखं. प्रमाण १६:९.
```

संवादातून चालणाऱ्या साधनांना मराठी कळतं. ज्यांना नीट कळत नाही, त्यांच्यासाठी हेच वर्णन इंग्रजीत करून घ्यावं. यात ‘शुभ दीपावली’ हे शब्द मागितलेले नाहीत, तेही मुद्दाम. देवनागरी जोडाक्षरं अशा चित्रांत सहज मोडतात आणि मोडकी अक्षरं दुकानाची अब्रू घालवतात. नाव, शुभेच्छा आणि भाव चित्र तयार झाल्यावर नेहमीच्या फॉन्टमध्ये वर बसवावेत. प्रमाणाचाही विचार करायला हवा. १६:९ चं आडवं चित्र संगणकावर ठीक दिसतं. मोबाइलवर मात्र अशा चित्राच्या कडा अनेकदा कापल्या जातात आणि उजवीकडचा डबाच अर्धा नाहीसा होतो. त्यामुळे मोबाइलसाठी ४:५ चं वेगळं उभं चित्र मागावं. त्यात डबा खाली ठेवावा आणि मोकळी जागा वर.

पहिलं चित्र आलं की ते मोठं करून तपासा. एका चकलीचं बाहेरचं टोक धरा आणि नजर आत फिरवत न्या. रेघ मध्यापर्यंत गेली तर चकली खरी. मध्येच दुसऱ्या वेढ्याला मिळून बंद कडी झाली असेल, तर ती चकली सोऱ्यातून पडलेली नाही हे आपल्या गिऱ्हाइकाला लगेच कळेल. कप्प्यांच्या भिंती सरळ आहेत का, सगळ्या सावल्या उजवीकडेच पडल्या आहेत का, पणतीची मेणबत्ती तर झाली नाही ना, हेही पाहा. चूक सापडली तर सगळा प्रॉम्प्ट पुन्हा लिहू नका, कारण नव्या चित्रात जमलेल्या गोष्टीही बदलतात. साधनात सोय असेल तर तेवढाच भाग निवडून सांगा, ‘फक्त या कप्प्यातल्या चकल्या बदला, बाकी तसंच ठेवा’. नगांच्या संख्येवरही विसंबू नये. सहा लाडू मागितले तर पाच किंवा आठ येऊ शकतात. म्हणून डब्यातले नग आणि वजन चित्राखाली शब्दांतच लिहावं.

यंत्रणा हौसेने पिस्त्याची पखरण करते, कप्पे शिगोशीग भरते. गिऱ्हाईक मात्र चित्र पाहून आगाऊ पैसे देतं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार वस्तूचं खोटं वर्णन करणारी जाहिरात दिशाभूल करणारी ठरते. चित्र कॅमेऱ्याने काढलं की संगणकाने, हा मुद्दा तिथे नाही. ‘चित्र प्रातिनिधिक आहे’ एवढी ओळ लिहून नसलेला पिस्ता डब्यात येत नाही. जे आपण देणार नाही ते चित्रातून काढून टाकावं, मग ते कितीही शोभत असो.

माझं मत विचाराल तर यापेक्षाही चांगली एक वाट आहे. प्रत्येक पदार्थाचा एक छोटा घाणा आधी काढा, खिडकीशी ठेवून मोबाइलवर फोटो घ्या आणि प्रॉम्प्टसोबत नमुना म्हणून ते फोटो जोडा. आज बरीच साधनं असा नमुना घेतात. मग डबा, पाट, पणती आणि उजेड यंत्रणेला रचू द्या. चकली मात्र तुमच्याच सोऱ्याची असू द्या.