फडावरून मागे राहिलेली मुलगी

पुण्यात कर्वे रस्त्यावरच्या एका सभागृहात संध्याकाळी सव्वाआठला सूप संपतं आणि स्टार्टरच्या बश्या उचलल्या जातात. मुख्य जेवण मांडायच्या आधीची ही दहा मिनिटं मी केटरिंगच्या मुकादमाकडून मागून घेतलेली असतात. या वेळात एकही वाढपी टेबलांमधून फिरायचा नाही, ताटं वाजायची नाहीत. निधिसंकलनाच्या जेवणात संस्थापकांची ओळख करून द्यायची असेल, तर आधी एवढं पदरात पाडून घ्यावं लागतं. भुकेल्या माणसाचं लक्ष दाराकडे असतं आणि जेवून सुस्तावलेल्याचं घड्याळाकडे. सूप पोटात गेलेलं आणि जेवण यायचं असलेलं, तेवढ्यातच माणूस खऱ्या अर्थाने ऐकायला मोकळा असतो.

गेली बरीच वर्षं मी निवेदनाचं काम करतो आहे. त्यातलं सगळ्यात अवघड काम कुठलं असं कुणी विचारलं, तर मी या अडीच मिनिटांच्या ओळखीचं नाव घेईन. मागच्या हिवाळ्यातली एक ओळख मी कशी बांधली ते इथे सांगतो. संस्था लहान आहे आणि बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी काम करते. संस्थापक बाईंना सगळे ताई म्हणतात, मीही तसंच म्हणेन.

संस्थेच्या कचेरीतून मला दोन पानी परिचय आला होता. त्यात पुरस्कार होते, समित्या होत्या, पदव्या होत्या. तो मी बाजूला ठेवला आणि पंधरा दिवस आधी ताईंना भेटायला गेलो. अशा भेटीत मी फार प्रश्न विचारत नाही. पण एक प्रश्न हमखास विचारतो: तुमच्या आयुष्यात नेमकं काय बदललं आणि ते कुणामुळे बदललं? दुःख काय होतं, हे विचारण्यापेक्षा हा प्रश्न जास्त उपयोगी पडतो. दुःख सांगायला माणसं सरावलेली असतात, ऐकणारेही सरावलेले असतात. बदल कसा झाला हे मात्र सांगताना माणसाला थांबून आठवावं लागतं.

ताई थांबल्या. मग त्यांनी लहानपण सांगितलं. त्यांचे आई-वडील ऊसतोडीला जायचे. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेली असायची आणि ती फेडायला जोडपं फडावर जायचं. या व्यवसायात नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक ‘कोयता’ म्हणतात. माणसांची मोजणी हत्याराच्या नावाने होते. कोयत्यासोबत मुलंही जायची, कारण मागे सांभाळायला कुणी नसायचं. सांगलीकडच्या फडाजवळ कोपी उभी राहायची, पहाटे आई-वडील बाहेर पडले की ताई धाकट्या भावाला सांभाळायच्या, दुपारी मोळ्या बांधायला हात लावायच्या. हंगाम संपून गावी परतायला पाडवा उजाडायचा. तोपर्यंत वर्गात भागाकार शिकवून झालेला असायचा. सलग दोन वर्षं तो तसाच राहिला.

तिसऱ्या वर्षी आजीने ट्रॉलीत चढलेल्या नातीला खाली उतरवून घेतलं. म्हणाली, ही माझ्यापाशी राहील. आजीकडे पैसा नव्हता. संध्याकाळी दोन भाकरी आणि रॉकेलची चिमणी एवढंच होतं. त्या वर्षी ताईंचा भागाकार झाला.

मला जे हवं होतं ते मिळालं होतं, आणि ते कोपीतल्या हालांत नव्हतं. संस्था आज जे करते ते त्या आजीचंच काम आहे: हंगामात मुलं गावातच आजी-आजोबांपाशी राहावीत म्हणून संध्याकाळचं जेवण, दिव्याखाली बसायला जागा आणि अभ्यास घेणारी एक ताई. शासनाची हंगामी वसतिगृहंही याच विचाराची आहेत, पण ती कधी उशिरा सुरू होतात, कधी एखादी वस्ती त्यातून सुटते. अशा सुटलेल्या वस्त्यांवर ही संस्था जाते. म्हणजे गोष्टीतलं वळण आणि संस्थेचं काम एकच आहे. ओळख लिहिताना मी हीच कसोटी लावतो. संस्थापकाचं आयुष्य ज्या गोष्टीने वळलं, तीच गोष्ट संस्था इतरांना देत असेल तर सांधा आपोआप बसतो, वर कसली विनवणी लागत नाही. तसं नसेल, तर माणसाचं दुःख आणि संस्थेचा हिशेब एकमेकांशेजारी नुसते ठेवल्यासारखे दिसतात, आणि मग निवेदक आवाज दाटवून ती फट बुजवायला बघतो.

त्या भेटीत आणखी एक गोष्ट निघाली. बीडमधल्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019च्या सुमारास बराच गाजला होता. ताईंच्या घरातही ते घडलं होतं. माझ्या वहीत मी ते लिहून घेतलं, आणि खरं सांगतो, पहिल्या मसुद्यात ते होतं. मसुदा दाखवला तेव्हा ताईंनी त्या ओळीवर बोट ठेवलं. “हे आईचं आहे, दादा. माझं नाही. आईला विचारल्याशिवाय कसं सांगू?” मी ओळ काढली. माणूस स्वतःची गोष्ट सांगायला परवानगी देतो, तेव्हा ती परवानगी त्याच्यापुरती असते. आई, भाऊ, नवरा, मूल यांचं त्यात येत नाही. म्हणूनच संपूर्ण मजकूर आधी वाचायला देणं आणि त्यांनी खोडलं ते वाद न घालता खोडणं, हा माझा नेम आहे. ताईंनी अजून एक शब्द खोडला होता. मी ‘गरीब मुलं’ लिहिलं होतं, त्यांनी त्या जागी ‘मागे राहिलेली मुलं’ केलं. वाक्य त्यामुळे अधिक खरं झालं.

हा नेम मी एका चुकीतून शिकलो. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका शहरात एका संस्थापकांची ओळख मी करून दिली होती. अपघातात त्यांचा मुलगा गेला होता, आणि त्यानंतर ते रस्त्यावर प्रथमोपचार शिकवायला लागले होते. मी त्या रात्रीचं सगळं वर्णन केलं: फोन, रुग्णालयाचा व्हरांडा, मुलाच्या खिशातलं पाकीट. सभागृहात कुणीतरी हुंदका दिला आणि मला वाटलं, जमलं. ते गृहस्थ व्यासपीठावर आले, हातातला कागद उघडला, थोडा वेळ उभे राहिले आणि कागद घडी करून खिशात ठेवला. आभार मानून खाली उतरले. नंतर मला शांतपणे म्हणाले, “तुम्ही माझं सांगून टाकलंत. मला बोलायला काही उरलं नाही.” नाडी कशी तपासायची, रक्त कसं थांबवायचं हे ते त्या कागदावरून लोकांना दाखवणार होते. ते कुणालाच कळलं नाही. त्या रात्री संकल्पपत्रांवर मोठे आकडे पडले, पण आयोजकांनी पुढे सांगितलं की त्यातले बरेच पैसे आलेच नाहीत. भिडेपोटी लिहिलेला आकडा घरी गेल्यावर माणसाला टोचत राहतो, आणि पुढच्या वर्षी त्या संस्थेचा फोन उचलावासा वाटत नाही.

भीड पडते आहे हे व्यासपीठावरून दिसतं, फक्त बघावं लागतं. माणूस ऐकण्यात गुंतला असेल तर चमचा खाली ठेवून खुर्ची थोडी वळवतो, त्याचे खांदे बोलणाऱ्याकडे येतात. त्याला संकोच वाटत असेल तर चमचा हातातच राहतो आणि नजर ताटाकडे जाते. दोन्ही वेळी सभागृह तितकंच शांत असतं, म्हणून निवेदकाची फसगत होते. नजरा ताटांकडे वळलेल्या दिसल्या की मी उरलेली दोन-तीन वाक्यं सोडून सरळ नावावर येतो.

काही वाक्यं तर मी लिहीतच नाही. ‘आजच्या एका ताटाच्या किमतीत एका मुलाचं महिनाभराचं जेवण’ हे वाक्य बहुतेक आयोजकांना हवं असतं. समोर ताट घेऊन बसलेल्या पाहुण्याला त्याच ताटावरून अपराधी वाटायला लावणं मला पटत नाही. त्याला जेवायला आपणच बोलावलेलं असतं. ‘आपण किती भाग्यवान’ हेही नको. ओळखीत पैशाचा उल्लेखच नको. मागणी करायची ती वेगळ्या माणसाने, जेवणानंतर, साध्या शब्दांत, खर्च किती आणि तूट किती हे सांगून करावी. गावच्या सप्ताहात माइकवरून देणगीदारांची नावं आणि रकमा पुकारतात. तिथे सगळे एकमेकांना ओळखतात, देणंघेणं पिढ्यांचं असतं, म्हणून ते खपतं. इथे एका टेबलावर कंपनीचा वरिष्ठ आणि त्याच्या हाताखालचा माणूस शेजारी बसलेले असतात. त्यामुळे ताईंच्या कार्यक्रमात संकल्पपत्रं टेबलावर न ठेवता दाराजवळच्या एका मेजावर, बंद पाकिटांसकट ठेवायची, असं आयोजकांशी ठरवलं. ज्याला हवं त्याने घ्यावं, घरी नेऊन भरावं.

ओळखीचा मजकूर शेवटी असा झाला. सुरुवात ट्रॉलीपासून केली: भांडी, सरपण, एक शेळी, आणि नऊ वर्षांच्या मुलीचं दप्तर. मग एकच वाक्य फडाचं. मग सुटलेला भागाकार. मग आजी. त्यापुढे वाचलं ते असं:

“आजीने नातीला ट्रॉलीतून खाली उतरवलं आणि दोन भाकऱ्यांवर एक वर्ष सांभाळलं. त्या मुलीने मोठं झाल्यावर ठरवलं, की आपल्या भागातल्या आज्यांना हे एकटीने करावं लागू नये. आज मागे राहिलेली मुलं संध्याकाळी जिथे जेवायला आणि अभ्यासाला एकत्र बसतात, त्या जागेला ती ‘आजीचं घर’ म्हणते. तिथे काय चालतं ते त्यांच्याकडूनच ऐकूया.”

आणि मग नाव. नाव शेवटी घ्यायचं, म्हणजे टाळ्या तिथेच पडतात आणि माणूस त्या टाळ्यांवर चालत येतो. सगळं मिळून पावणेतीनशे शब्द, अडीच मिनिटं. घरी घड्याळ लावून तीनदा मोठ्याने वाचलं होतं. ‘आजी’ शब्दावर आवाज हलतोय असं जाणवलं, म्हणून तिथे मुद्दाम सरळ, बातमी वाचावी तसं वाचायचं ठरवलं. माझा गळा दाटला तर ताईंचं काम वाढतं, त्यांना आधी मला सावरावं लागतं. माइक त्यांच्या हातात दिला आणि मी खाली, मागच्या भिंतीशी जाऊन उभा राहिलो. व्यासपीठावर शेजारी रेंगाळलं की लोकांचं लक्ष दोघांत वाटलं जातं.

ताई आठ मिनिटं बोलल्या. फडाविषयी जवळपास काहीच नाही. कुठल्या वस्तीवर स्वयंपाकाला कोण असतं, मुलांना कुठली भाजी आवडत नाही, कुठली आजी अभ्यासाच्या वेळी स्वतः पाटी घेऊन बसते, हे सगळं. मुख्य जेवण आलं तेव्हा ठरल्यापेक्षा पाच मिनिटं उशीर झाला होता. माझ्या जवळच्या टेबलावरच्या एका आजोबांनी वाढप्याला हाताने थांबवलं आणि ताई खाली उतरून येताच विचारलं, “पाटी घेऊन बसणाऱ्या त्या आजी कुठवर पोचल्या?”

ताई तिथेच खुर्ची ओढून बसल्या. “बेरीज येते त्यांना,” त्या म्हणाल्या, “वजाबाकी अडते. हातचा घ्यायचा असतो ना, तिथे.”