अज्ञानाचं माप कळलं, तरी पुरे

टाकीतली पाण्याची पातळी एका खुणेवर राखायची आहे. पंप पाणी आत सोडतो किंवा बाहेर काढतो. नियम सोपा: पातळी एक सेंटिमीटर कमी असेल, तर ती सेकंदाला k सेंटिमीटर या वेगानं वाढवायची. अडचण अशी की हुकूम दिल्यावर परिणाम दिसायला शून्य ते दहा सेकंदांपर्यंत कितीही वेळ लागतो, आणि नेमका किती ते माहीत नाही. k मोठा ठेवला, तर पंप शिळ्या बातमीवर धावतो आणि पातळी वाढत्या झोक्यांनी खालीवर होते. मग k किती ठेवायचा?

आधी अज्ञान मोजू. खरा प्लांट म्हणजे कागदावरचा, विलंब नसलेला प्लांट गुणिले (1 + Δ). Δ ही गुणाकारी अनिश्चितता. दहा सेकंदांचा विलंब धरला, तर दहा मिनिटांच्या संथ हेलकाव्यासाठी Δ सुमारे 10 टक्के भरतो. एका मिनिटाच्या हेलकाव्यासाठी तो बरोबर 100 टक्के होतो, आणि वीस सेकंदांच्या हेलकाव्यासाठी 200 टक्के!

आता फीडबॅकचं वर्तुळ दोन तुकड्यांचं समजा. एक Δ. दुसरा T: कागदावरच्या टाकीत खूण हलवली, तर पातळी तिला किती दाद देते, ते माप. 1966 साली जॉर्ज झेम्स यांनी मांडलेलं लघु-गेन प्रमेय सांगतं, की दोन्ही तुकडे स्वतंत्रपणे स्थिर असतील आणि त्यांच्या गेनचा गुणाकार 1 पेक्षा कमी असेल, तर अख्खं वर्तुळ स्थिर राहतं. कारण वर्तुळात शिरलेला धक्का प्रत्येक फेरीत घटतो. फेरीगणिक त्याचा नऊ-दशांश भाग उरला, तरी 1 + 0.9 + 0.81 + … ही बेरीज 10 च्या पुढे जात नाही.

आपल्या टाकीसाठी Δ कधीच ωτ पेक्षा मोठा नसतो (ω हेलकाव्याची वारंवारता, τ विलंब), आणि

|T| = k / √(ω² + k²)

दोन्हींचा गुणाकार प्रत्येक वारंवारतेला kτ पेक्षा कमीच भरतो. म्हणून kτ ≤ 1 पुरतं. τ दहा सेकंद, तर k = 0.1. एका मिनिटाच्या हेलकाव्याला, जिथे Δ 100 टक्के आहे, तिथे T सुमारे 0.69 असतो, गुणाकारही तेवढाच.

थक्क करणारी गोष्ट ही, की खरा विलंब आपण शोधलाच नाही. दहा सेकंदांच्या आतला कुठलाही चालेल. एवढंच नाही, Δ स्वतः स्थिर असेल आणि त्याच मापात बसत असेल, तर विलंबाऐवजी दुसरीच कुठली चूक निघाली तरी वर्तुळ टिकेल.

या हमीची किंमतही मोजावी लागते. फक्त विलंबाचाच प्रश्न असता, तर k 0.157 पर्यंत नेता आला असता. प्रमेय Δ चा आकार पाहतं, दिशा पाहत नाही. म्हणून ते सावधपणे 0.1 वरच थांबतं. आणि जिथे अज्ञान 100 टक्क्यांवर जातं, तिथे T एकाच्या खाली ठेवावाच लागतो. ज्या वेगाच्या हालचाली आपल्याला कळत नाहीत, तिथे नियंत्रकानं जोर लावायचा नाही.