काळा डाग नजरेतला की कागदावरचा?

अंधाऱ्या खोलीत हनुवटी टेकवून बसायचं, एक डोळा झाकायचा, उघड्या डोळ्याने समोरच्या पांढऱ्या घुमटातल्या पिवळ्या दिव्याकडे बघत राहायचं आणि आजूबाजूला कुठेही ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. काचबिंदूच्या रुग्णांना ही ‘फील्ड टेस्ट’ चांगली ओळखीची असते, आणि फारशी आवडती नसते. पाच-सात मिनिटांनी यंत्रातून एक कागद निघतो. त्यावर काळपट डाग दिसला की घरी येईपर्यंत अर्धी दृष्टी गेल्याचा धसका बसलेला असतो.

पण हा कागद म्हणजे डोळ्याचा फोटो नव्हे. माणसाने बटण कधी दाबलं आणि कधी दाबलं नाही, याचा तो हिशेब आहे.

सर्वाधिक वापरात असलेल्या हम्फ्री यंत्राच्या 24-2 या चाचणीत एकूण ५४ जागा तपासल्या जातात. प्रत्येक ठिपका जेमतेम ०.२ सेकंद चमकतो. तो दिसला की यंत्र त्याच जागी पुढचा ठिपका अधिक मंद दाखवतं, नाही दिसला की अधिक ठळक. दिसण्या-न दिसण्याच्या सीमेवर पोचायचं असल्याने निरोगी डोळ्यालाही जवळपास निम्मे ठिपके दिसत नाहीत. हे आधी कुणी सांगितलेलं नसलं की माणूस बिचकतो आणि अंदाजाने बटण दाबू लागतो.

एक नमुना घेऊ. समजा, ६२ वर्षांच्या एका निवृत्त शिक्षिकेच्या डोळ्यांचा दाब थोडा जास्त निघाला. उजव्या डोळ्याची चाचणी बरी आली. लगेच डावा डोळा बसवला, आणि त्याचा कागद भीतिदायक निघाला: मध्याभोवती चार फिकट ठिगळं, बाकी कडेपर्यंत काळोख. सरासरी घट सांगणारा MD हा आकडा उणे ६.८, आणि खाली शेरा: Outside Normal Limits.

जाणकार डॉक्टर आधी त्या काळोखाकडे बघत नाहीत. त्यांची नजर जाते कागदाच्या वरच्या कोपऱ्यातल्या तीन ओळींवर.

पहिली ओळ Fixation Losses, म्हणजे नजर ढळल्याची नोंद. दृष्टीची नस जिथून डोळ्याबाहेर पडते तिथे प्रत्येकाला एक आंधळा ठिपका असतो, मध्यापासून कानाच्या बाजूला साधारण १५ अंशांवर. यंत्र अधूनमधून मुद्दाम तिथेच प्रकाश टाकतं. नजर जागेवर असेल तर तो दिसायलाच नको. दिसला, तर नजर हलली असणार. शिक्षिकेची नोंद होती 1/14, म्हणजे चौदा वेळा तपासलं आणि एकदाच चूक झाली. पाचात एकाहून जास्त चुका झाल्या की यंत्र त्या आकड्यापुढे XX छापतं. मात्र सुरुवातीला आंधळा ठिपका नीट सापडलाच नसेल किंवा मान तिरकी झाली असेल, तर नजर स्थिर असूनही हा आकडा वाढतो.

दुसरी ओळ खोट्या होकारांची. ठिपका पाहून हात हलायला काही क्षण लागतातच. त्याआधीच बटण दाबलं गेलं तर तो अंदाज धरला जातो. हा आकडा १५ टक्क्यांच्या पुढे गेला की कागद संशयास्पद ठरतो, कारण उतावळ्या हाताने खरी घट झाकली जाते. शिक्षिकेचे खोटे होकार होते २ टक्के.

तिसरी ओळ खोट्या नकारांची. आधी जिथे मंद ठिपका दिसला होता, तिथेच बराच ठळक ठिपका दाखवूनही बटण दाबलं गेलं नाही, तर लक्ष उडालं असावं. शिक्षिकेचा आकडा होता २१ टक्के. मात्र या आकड्यावरून ताबडतोब निकाल देता येत नाही. काचबिंदूने खरोखर दुखावलेला भाग एकाच ठिपक्याला कधी दाद देतो, कधी नाही. त्यामुळे खऱ्या रुग्णातही खोटे नकार वाढतात.

म्हणून आता आकार बघायचा. चार फिकट ठिगळं आणि भोवती काळोख, अशा चित्राला डॉक्टर ‘क्लोव्हरलीफ’ म्हणतात, कारण ते चार पानांच्या गवतासारखं दिसतं. हा आकार रोगाने नव्हे, चाचणीच्या क्रमाने तयार होतो. यंत्र सुरुवातीला चारही चौकटींत मध्याजवळची एकेक जागा तपासतं आणि मग कडेकडे सरकतं. पहिल्या मिनिटाला माणूस ताजातवाना असतो, त्या चार जागांची उत्तरं चांगली येतात. पुढे डुलकी येते, हात मंदावतो, आणि उरलेल्या जागा काळ्या पडतात.

त्यात पापण्यांची भर. पापणीची एक उघडझापही साधारण ठिपक्याइतकाच वेळ घेते, म्हणजे एका मिटण्यात अख्खा ठिपका गडप होऊ शकतो. उलट, ठिपका चुकू नये म्हणून कुणी डोळे ताणून उघडे ठेवले तर बुबुळावरचा अश्रूंचा थर सुकतो आणि सगळंच धूसर होतं. याचा पुरावा कागदाच्या तळाशी असतो. तिथल्या नजरेच्या आलेखात वर जाणाऱ्या रेषा नजर भरकटल्याच्या, आणि खाली जाणाऱ्या रेषा यंत्राला डोळा सापडला नाही त्या क्षणांच्या, बहुतेकदा पापणी मिटल्याच्या. शिक्षिकेच्या आलेखात शेवटच्या दोन मिनिटांत खाली जाणाऱ्या रेषांची दाटी होती. वयाने खाली ओघळलेली पापणी वेगळी चाल खेळते: फक्त वरच्या ओळी काळ्या होतात, आणि चिकटपट्टीने पापणी उचलून चाचणी केली की उजळतात.

अशी फसगत किती होते, ते अमेरिकेतल्या ‘ऑक्युलर हायपरटेन्शन ट्रीटमेंट स्टडी’मध्ये दिसलं. दाब जास्त असलेल्या लोकांचे जे कागद ‘विश्वसनीय पण सदोष’ ठरले, त्यांपैकी सुमारे ८६ टक्क्यांचा दोष पुन्हा केलेल्या चाचणीत टिकला नाही.

शिक्षिकेची चाचणी आठवड्याने पुन्हा झाली, या वेळी डावा डोळा आधी. डोळ्यांत ओलाव्याचे थेंब घातले. टेक्निशियनने समजावलं, “काकू, निम्मे ठिपके दिसणारच नाहीत, घाबरू नका. पापणी मिटायची तर बटण दाबतानाच मिटा. दमलात तर बटण दाबून धरा, यंत्र थांबतं.” खोटे नकार ४ टक्क्यांवर आले, MD उणे २.१ झाला आणि चार पानं नाहीशी झाली.

पण सगळं पुसलं गेलं नाही. नाकाच्या बाजूला, आडव्या मध्यरेषेला अगदी लागून वर, तीन शेजारी ठिपके उरले. काचबिंदूत नसांचे धागे वर आणि खाली वेगळे वाटे धरून जात असल्याने खरी घट त्या रेषेशी अशी थबकते. थकव्याला ती रेषा ठाऊक नसते. तिसऱ्या चाचणीतही तेच तीन ठिपके आले. दृष्टिक्षेत्राचा वरचा भाग पडद्याच्या खालच्या भागाशी जुळतो, आणि ओसीटी स्कॅनमध्ये नसेचा थर नेमका खालीच पातळ निघाला.

डॉक्टरांनी त्या तीन ठिपक्यांभोवती पेनने गोल काढला आणि रात्री घालायचे थेंब लिहून दिले. पहिला काळाकुट्ट कागदही फाइलमध्येच राहिला, वर एकच शब्द लिहून: ‘थकवा’.